टाकीचे पाणी तापेना ! — तीन रॉड, तीन तारा आणि डेल्टा जोडणीचा हिशेब



ऊस विकास खात्याकडून या अंकात लागण, खत किंवा तणनाशक याविषयी मजकूर येईल अशी आपली अपेक्षा असणार. या खेपेस आम्ही विजेचा हिशेब मांडणार आहोत. आम्ही शेतकी पदविकेचे विद्यार्थी, विजेचे शिक्षण आम्हाला नाही. परंतु बेणे प्रक्रियेच्या टाकीने आम्हाला हा विषय शिकणे भाग पाडले, आणि तो शिकेपर्यंत तीन घाण्यांचे बेणे हातचे गेले. ते कसे गेले हे सभासदांना कळलेच पाहिजे, कारण त्यातले काही बेणे आपल्याच मळ्यांसाठी होते.

मूलभूत बेणेमळ्यासाठी निवडलेल्या उसाच्या टिपऱ्यांना आपण उष्णजल प्रक्रिया करतो. ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात टिपरी दोन तास बुडवून ठेवायची. गवताळ वाढीसारखा रोग बेण्यातून पुढे जातो, तो या उष्णतेने आटोक्यात येतो. तापमान चारपाच अंशांनी कमी पडले तर रोग तसाच राहतो, आणि जास्त झाले तर डोळे मरतात. म्हणजे सगळा खेळ त्या पाण्याच्या तापमानावर आणि घड्याळावर आहे.

आमच्या टाकीत १,००० लिटर पाणी बसते. ते तापवायला विजेचे तीन रॉड आहेत. तिन्ही एकसारखे, प्रत्येकाचा रोध ३० ओहम, आणि प्रत्येकावर ४१५ व्होल्ट असा शिक्का. हे तीन रॉड त्रिकोणात जोडायचे असतात. पहिल्याचे शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या डोक्याला आणि तिसऱ्याचे परत पहिल्याच्या डोक्याला. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांना तीन फेजच्या तारा. यालाच डेल्टा म्हणतात. तिन्ही रॉड सारखे असले की तो भार समतोल झाला. यात न्यूट्रलची तार लागत नाही.

घडले ते असे

आडसाली लागणीच्या तोंडावर एक रॉड गेला. बाहेरच्या एका दुरुस्तीवाल्याकडून तिन्ही रॉड नवे बसवून घेतले. त्याने हिशेब केला तो असा : दाब ४१५ व्होल्ट, रोध ३० ओहम, भागाकार केला की १३.८ अँपिअर. तेव्हा १६ अँपिअरचे फ्यूज बसवले म्हणजे झाले. भागाकार बरोबर होता. पण टाकी चालू केली की थोड्या वेळाने फ्यूज जाई. नवा घातला, तोही गेला. दोन दिवस हाच प्रकार. शेवटी त्याने रॉडची जोडणी बदलली आणि फ्यूज जायचे थांबले. आमचे टाकीवरचे ऑपरेटर, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते म्हणाले, "साहेब, आता एकदम झकास. तासन् तास चालतंय, फ्यूज गरमसुद्धा होत नाही." आम्हीही समाधान मानले. फ्यूज गरम का होत नाही, हा प्रश्न त्याच वेळी आमच्या डोक्यात यायला हवा होता.

टाकी रात्री वॉचमन चालू करीत असे आणि सकाळी तात्या येईतो पाणी ५० अंशावर आलेले असे. त्यामुळे पाणी तापायला किती वेळ लागला हे कोणी पाहिलेच नाही. तात्या टिपऱ्यांच्या जाळ्या बुडवीत, घड्याळ लावीत आणि दोन तासांनी बाहेर काढीत. तीन घाणे असे निघाले. चौथ्या दिवशी आम्ही सहज तेथे बसलो असता थर्मामीटरकडे लक्ष गेले. जाळ्या बुडवल्यावर पारा ४६ अंशाच्या खाली उतरला आणि तेथेच रेंगाळला. परत ५० वर यायला सव्वा तास लागला. म्हणजे दोन तासांपैकी खऱ्या अर्थाने प्रक्रिया झाली पाऊण तास !

पारा उतरणे यात वावगे काही नाही. १,००० लिटर ५० अंशाच्या पाण्यात २०० किलो टिपरी २५ अंशाची टाकली की सगळे मिळून पावणेशेहेचाळीस-शेहेचाळीस अंशावर येणारच, कारण उसात बहुतेक पाणीच असते. प्रश्न होता तो परत चढायला सव्वा तास का लागावा हा. पूर्वी वीस-पंचवीस मिनिटांत चढत असे. तात्यांना विचारले तर म्हणाले, "पावसाळी हवा आहे, साहेब." हवेचा यात फारसा संबंध नव्हता.

तारेतला आणि रॉडमधला प्रवाह

साखर कारखान्याच्या विद्युत विभागातील एका वायरमन दादांना आम्ही बोलावले. त्यांनी टाकीकडे न पाहता प्रथम कागद मागितला, आणि त्यावर त्रिकोण काढून जे सांगितले ते येथे त्यांच्याच पद्धतीने देतो.

आपल्याकडे बोलताना मोठा घोटाळा होतो तो 'फेज' या शब्दाचा. आपण पोलवरून येणाऱ्या तारेलाच फेज म्हणतो. "एक फेज गेला" म्हणतो तेव्हा एक तार मेली असे आपले म्हणणे असते. विजेच्या पुस्तकात मात्र येणाऱ्या तारेला लाइन म्हणतात, आणि भाराच्या एकेका फांदीला, म्हणजे आपल्या बाबतीत एकेका रॉडला, फेज म्हणतात. म्हणून 'लाइन करंट' म्हणजे तारेतला प्रवाह, आणि 'फेज करंट' म्हणजे रॉडमधला प्रवाह. हे दोन डेल्टामध्ये सारखे नसतात. या लेखात आम्ही तारेतला आणि रॉडमधला असेच शब्द वापरू, म्हणजे गोंधळ नको.

आता दाब पाहा. डेल्टात प्रत्येक रॉड दोन तारांच्या मध्ये सरळ बसलेला असतो. त्यामुळे दोन तारांमधला जो दाब, ४१५ व्होल्ट, तोच पूर्णच्या पूर्ण रॉडवर पडतो. येथे भागाकार-गुणाकार काही नाही. म्हणून रॉडमधला प्रवाह :

४१५ ÷ ३० = १३.८ अँपिअर.

दुरुस्तीवाल्याने एवढेच केले आणि तेथेच तो थांबला. हा रॉडमधला प्रवाह झाला. फ्यूज रॉडमध्ये नसतो, तो तारेत असतो. आणि एका तारेला त्रिकोणाच्या एका कोपऱ्यावर दोन रॉड लागतात. त्या तारेला दोन्ही रॉड पोसायचे आहेत.

मग तारेत दुप्पट प्रवाह धरावा काय ? आम्ही तसेच म्हणालो, १३.८ दुणे २७.६. दादा हसले. म्हणाले, "साहेब, दोन बैल एका रेषेत ओढतील तर दुप्पट जोर. पण एक इकडं तिरका ओढतोय, दुसरा तिकडं तिरका, तर दुप्पट कसा होईल ?"

हा बैलांचा दाखला अगदी नेमका बसतो. तिन्ही रॉडमधले प्रवाह एकाच क्षणी शिगेला पोचत नाहीत. एकामागून एक, १२० अंशांच्या अंतराने पोचतात. एका कोपऱ्यावर एका रॉडचा प्रवाह बाहेर निघतो तर दुसऱ्याचा आत येतो, म्हणून दुसऱ्याचा उलटा धरावा लागतो. उलटा धरला की १२० अंशांचे अंतर ६० होते. आता एकाच ओंडक्याला दोन दोर बांधा, दोरांमध्ये ६० अंशांचा कोन ठेवा आणि दोन बैलांना सारख्या जोराने ओढू द्या. ओंडका मधल्या दिशेने सरकेल, आणि त्याच्यावर पडणारा जोर एका बैलाच्या दुप्पट नसून १.७३ पट असेल. हा १.७३ म्हणजे तीनचे वर्गमूळ. तिघे सारखे असतील तेव्हाच हा आकडा येतो, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचीच गरज पडणार आहे.

म्हणून तारेतला प्रवाह :

१३.८३ × १.७३२ = २३.९५, म्हणजे जवळजवळ २४ अँपिअर.

१६ अँपिअरचा फ्यूज २४ अँपिअर कसा सोसणार ? तो जात होता हेच त्याचे काम चोख होते. दोष फ्यूजचा नव्हता, हिशेबाच्या अर्ध्यावर थांबण्याचा होता.

एकूण शक्ती

एका रॉडची शक्ती म्हणजे त्याच्यावरचा दाब गुणिले त्याच्यातला प्रवाह. ४१५ × १३.८३ = ५,७४० वॅट. असे तीन रॉड, म्हणून एकूण १७,२२० वॅट, म्हणजे सव्वासतरा किलोवॅट.

हेच तारेवरून काढायचे असेल तर तीनने गुणायचे नाही. येथेही पुष्कळ जण फसतात. तारेतल्या प्रवाहात १.७३ आधीच शिरलेला आहे, म्हणून आणखी १.७३ नेच गुणायचे :

१.७३२ × ४१५ × २३.९५ = १७,२१५ वॅट.

दोन्ही वाटांनी उत्तर तेच आले (चार-पाच वॅटचा फरक दशांश तोडल्याचा). शिवाय १.७३२ ला १.७३२ ने गुणा, बरोबर तीन येतात. या गोष्टीने आमचे समाधान झाले, कारण एका वाटेचा आकडा दुसऱ्या वाटेने ताडून पाहता येतो.

रॉड नुसता तापतो, म्हणून येथे पॉवर फॅक्टर एक धरला. मोटर असती तर आणखी एक गुणाकार करावा लागला असता. ते पुढे येईल.

१,००० लिटर पाणी २५ वरून ५० अंशांवर न्यायला सुमारे २९ युनिट वीज लागते. सव्वासतरा किलोवॅटने ती एक तास चाळीस मिनिटांत मिळते. टाकीच्या भिंतीतून निघून जाणारी उष्णता धरून दोन तास म्हणा. आणि टिपरी टाकल्यावर पडलेला चार अंशांचा खड्डा भरायला पावणेसहा युनिट लागतात, ती वीस मिनिटांत मिळतात. पूर्वी पारा वीस-पंचवीस मिनिटांत चढत असे असे वर सांगितले, ते याच कारणाने.

फ्यूज जायचे का थांबले

दादांनी टाँग टेस्टर काढला आणि तिन्ही तारांना एकेक करून लावला. ८ अँपिअर, ८ अँपिअर, ८ अँपिअर. आकडे तिन्ही सारखे होते, भार समतोल होता, तरीही टाकी आजारी होती. ते म्हणाले, "स्टारमध्ये जोडलंय."

जोडपेटी उघडून पाहिली तर खरेच. तिन्ही रॉडची एकेक टोके एकत्र बांधून टाकली होती आणि दुसरी तीन टोके तारांना दिली होती. स्टारमध्ये रॉडवर पूर्ण दाब पडत नाही. ४१५ ला १.७३२ ने भागून २४० व्होल्टच पडतात. प्रवाह ८ अँपिअर, आणि एका रॉडची शक्ती १,९२० वॅट. तिघांची मिळून पावणेसहा किलोवॅट. डेल्टाच्या बरोबर एक तृतीयांश. दाब १.७३ पटीने उतरला आणि प्रवाहही १.७३ पटीने उतरला, म्हणून शक्ती तिपटीने उतरली.

फ्यूज जाणे थांबले ते अशा रीतीने. दुरुस्तीवाल्याने ताप उतरवला नाही, रोग्याचे जेवण बंद केले. पाणी तापायला पाच तास, उष्णतेची गळती धरून सहा-सात. रात्रभरात ते होऊन जाई, म्हणून कोणाला कळले नाही. पण टिपरी टाकल्यावर चार अंश भरून काढायला हिशेबाने एक तास आणि प्रत्यक्षात सव्वा तास.

जोडणी परत डेल्टात केली, ३२ अँपिअरचे फ्यूज घातले आणि तेवढा प्रवाह सांभाळणारी जाड केबल टाकली. येथे एक इशारा. नुसता फ्यूज मोठा करून जुनी बारीक केबल तशीच ठेवणे म्हणजे आगीला निमंत्रण, कारण मग तारच फ्यूजचे काम करील. टाँग टेस्टरने पाहिले, तिन्ही तारांत २४ च्या आसपास. मीटर लिहून घेतले, एका तासात १७ युनिट सरकले. आम्हाला सगळ्यात खात्रीची वाटली ती हीच पडताळणी, कारण मीटरला स्टार-डेल्टा काही कळत नाही.

आता उलटी चूक सांगतो, ती अधिक वाईट. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ रॉडवर २३० किंवा २४० व्होल्ट लिहिलेले असते. ते स्टारमध्येच जोडण्याचे. असा रॉड डेल्टात जोडला तर त्याच्यावर १.७३ पट दाब पडतो, शक्ती तिप्पट होते आणि रॉड जळून जातो. तेव्हा जोडणी ठरवण्याआधी रॉडवरचा शिक्का वाचावा. आमच्या रॉडवर ४१५ होते म्हणून ते डेल्टाचे.

तीन आकडे बोलतात

त्या दिवसापासून आम्ही टाकीजवळ एक वही ठेवली आहे. पाणी तापत असताना तात्या रोज तिन्ही तारांचा प्रवाह लिहितात. तीन आकडे पाहून टाकीत काय बिघडले ते पेटी न उघडता कळते, आणि हे आम्हाला सगळ्यात उपयोगाचे वाटले.

तिन्ही २४ असतील तर टाकी निरोगी. तिन्ही ८ असतील तर कोणीतरी स्टार करून ठेवले.

एका तारेत २४ आणि उरलेल्या दोन तारांत १३.८ असे आले तर एक रॉड आतून तुटला आहे. कोणता, तेही कळते. ज्या दोन तारांत १३.८ दिसतात त्यांच्या मधला रॉड मेलेला. त्या दोन तारांना आता एकेकच रॉड पोसावा लागतो म्हणून १.७३ चा प्रश्न राहिला नाही. २४ ची तार मात्र दोन जिवंत रॉडच्या कोपऱ्यावर आहे, तिचे ओझे पूर्वीइतकेच. शक्ती दोन तृतीयांश राहते, साडेअकरा किलोवॅट. पाणी तापते, पण रेंगाळत.

दोन तारांत पावणेएकवीस आणि तिसरीत शून्य आले तर रॉड शाबूत आहेत, तिसऱ्या तारेचा फ्यूज गेला आहे किंवा पोलवरूनच ती तार मेली आहे. असे का ? उरलेल्या दोन तारांमध्ये एक रॉड सरळ आहे, ३० ओहम, आणि बाकीचे दोन एकामागे एक लागलेले, ६० ओहम. दोन्ही वाटा मिळून २० ओहम होतात. ४१५ ला २० ने भागा, २०.७५. शक्ती निम्मी, साडेआठ किलोवॅट. गेल्या हंगामात हे एकदा प्रत्यक्ष झाले. तात्यांनी वही पाहून आम्हाला निरोप पाठवला, "फ्यूज गेलाय, रॉड चांगले हायत." दादा येईपर्यंत फ्यूज बदलून झाला होता.

वीज पूर्ण बंद करून, मेन काढून, ओहम मीटरने कोपऱ्या-कोपऱ्यात रोध मोजला तरी डेल्टा-स्टार ओळखता येतो. आपल्या ३० ओहमच्या रॉडचा निरोगी डेल्टा २० दाखवतो, ३० नाही. कारण मीटरलाही एक सरळ आणि दोन वळणाची अशा दोन वाटा दिसतात. स्टार असेल तर ६० दाखवतो. डेल्टात २० आले म्हणून रॉड खराब झाला असे समजून एका जागी चांगले रॉड फेकून दिल्याचे आम्ही पाहिले आहे. त्या वीसची दीडपट करावी, म्हणजे रॉडचा खरा रोध मिळतो.

दाब उतरला तर

वरचा सगळा हिशेब ४१५ व्होल्ट धरून झाला. लाइनच्या शेपटाकडे असलेल्या वस्त्यांवर संध्याकाळी दाब पडतो हे आपल्याला सांगायला नकोच. समजा दाब ३६० झाला. रॉडमधला प्रवाह ३६० ÷ ३० = १२ अँपिअर. तारेतला १२ × १.७३२ = २०.८. एकूण शक्ती ३ × ३६० × १२ = १२,९६० वॅट. म्हणजे दाब शेकडा १३ ने उतरला आणि शक्ती शेकडा २५ ने उतरली. दाब कमी झाला की प्रवाहही कमी होतो, आणि शक्तीवर दोहोंचा मार बसतो. दाब कमी असेल त्या दिवशी तात्या टिपरी थोडी कमी बुडवतात आणि पारा ५० वर परत आल्याशिवाय घड्याळ लावत नाहीत. खरे तर दाब कितीही असो, दोन तास मोजायचे ते पारा ५० वर परत आल्यापासून. जाळ्या बुडवल्यापासून नव्हे. ही चूक विजेची नव्हती, आमची होती. ती आम्ही मान्य करतो.

आकडे मोजताना तिन्ही तारांत थोडा फरक पडतो, तेवढ्याने घाबरू नये. २४.३, २३.६, २४ असे येणारच. कारण तिन्ही तारांमधला दाब काटेकोर सारखा नसतो आणि रॉडही थोडे उणेअधिक असतात. फरक चांगला दोन-तीन अँपिअरचा दिसू लागला की १.७३ चे सूत्र त्या टाकीला लावू नये. सूत्र समतोलाचे आहे. समतोल गेला की एकेका रॉडचा प्रवाह वेगळा मोजावा लागतो आणि शक्ती एकेकीची काढून बेरीज करावी लागते.

विहिरीवरच्या मोटरीबद्दल दोन शब्द

हा लेख लिहीत असल्याचे कळल्यावर एका सभासदाने विचारले, "आमच्या मोटरीलाही हेच लागू का हो ?" लागू आहे. स्टार-डेल्टा स्टार्टर असलेली मोटर चालू स्थितीत डेल्टातच असते. फक्त मोटरीत शक्ती काढताना पॉवर फॅक्टरनेही गुणायचे. दहा अश्वशक्तीची, म्हणजे साडेसात किलोवॅटची मोटर घ्या. तिची कार्यक्षमता ८७ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर ती विजेकडून ८,६२० वॅट घेते. त्याला १.७३२ × ४१५ × ०.८५ ने भागले की तारेतला प्रवाह निघतो, १४.१ अँपिअर. मोटरीच्या पाटीवर लिहिलेला आकडा हाच, तारेतला. आतल्या वेटोळ्यांतून मात्र १४.१ ÷ १.७३२ = ८.१ अँपिअरच जातात.

पुष्कळ स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले मुख्य तारांत नसून वेटोळ्यांकडे जाणाऱ्या सहा तारांपैकी तिघींत बसवलेली असते. तिला ८.१ अँपिअरच दिसतात. पाटीवर १४ वाचून तिचा काटा १४ वर लावला, तर मोटरीवर पाऊणपट जादा ओझे येईपर्यंत ती गप्प बसते. तोपर्यंत वेटोळे जळते. रिले अशा जागी असेल तर काटा पाटीवरच्या आकड्याच्या ५८ टक्क्यांवर लावायचा. रिले मुख्य तारांतच असेल तर पाटीवरचाच आकडा. कोणत्या जागी आहे ते स्टार्टरच्या झाकणातल्या नकाशावरून वायरमनकडून पाहून घ्यावे. ही एक गोष्ट यंदा आपल्या विहिरीवर जरूर पाहा. आम्ही पाहिली तेव्हा आमच्या बेणेमळ्यातल्या मोटरीवर काटा चुकीचाच निघाला.

त्या तीन घाण्यांचे काय केले

टाकी दुरुस्त झाली तेव्हा पहिल्या घाण्याची लागण होऊन गेली होती. दुसरा-तिसरा घाणा आम्ही मूलभूत बेण्यातून काढला. आधीच लावलेल्या प्लॉटची दर पंधरवड्याला पाहणी केली. गवतासारखे पांढरट बारीक फुटवे दिसलेली बेटे मुळासकट उपटून जाळली. तो प्लॉट बेण्यासाठी न ठेवता सरळ गाळपाला दिला. ज्या सभासदांना त्यातून पायाभूत बेणे द्यायचे ठरले होते त्यांना पुढच्या हंगामावर ढकलावे लागले. त्यांनी गट कार्यालयात येऊन आम्हाला चार शब्द सुनावले, ते आम्ही ऐकून घेतले. यंदा त्यांची नावे बेणे वाटपाच्या यादीत सगळ्यात वर आहेत.

टाकीजवळची वही कोणाही सभासदाला पाहता येईल. बेणे नेण्यास याल तेव्हा तात्यांना म्हणावे, "आजचे आकडे दाखवा." तीन आकडे २४ च्या आसपास असतील, आणि घड्याळ पारा ५० वर परत आल्यावर लावल्याची नोंद त्याच्याखाली असेल, तरच जाळी उचलावी. टाकी चालू असताना पाण्यात हात घालून गरम आहे का ते मात्र पाहू नये. त्यासाठी थर्मामीटर टांगलेला आहे.